लॅपटॉप हरवला? आधी फोन, मग शोधाशोध

कार्यालयांची संगणक यंत्रणा सांभाळणं हे माझं काम. कर्मचाऱ्यांच्या बैठकीत चहा येण्याआधीची पाच मिनिटं बहुतेक वेळा माझ्या वाट्याला येतात. लॅपटॉप घरी नेऊन काम करणं आता फक्त आयटी कंपन्यांपुरतं राहिलेलं नाही. सीएच्या ऑफिसात, पतसंस्थेत, रुग्णालयाच्या बिलिंग विभागातही ते रोजचं झालं आहे. म्हणून त्या पाच मिनिटांत मी जे बोलतो ते इथे देतो आहे आणि त्यातली वाक्यं तशी का आहेत तेही सांगतो आहे.

"मंडळी, लॅपटॉप हरवला, चोरीला गेला किंवा तो या क्षणी नेमका कुठे आहे हे सांगता येत नाही, अशी वेळ आली तर पहिला फोन मला करा. शोधाशोध नंतर, पोलीस तक्रार नंतर, साहेबांना सांगणंही नंतर. रात्री दोन वाजले असतील तरी करा. मला तीनच गोष्टी सांगा: लॅपटॉप कुणाचा, शेवटचा हातात कधी होता, आणि तेव्हा तो पूर्ण बंद केलेला होता की नुसतं झाकण लावलं होतं. कसा हरवला, चूक कुणाची, हे मी विचारणार नाही. लॅपटॉप नवा घेता येतो. पण त्यात आपल्या व्हीपीएनची किल्ली आहे. ती ज्याच्या हाती पडेल तो तुमच्या नावाने ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरू शकतो. ती मी थोड्या वेळात बाद करू शकतो, पण हरवल्याचं कळलं तरच. लॅपटॉप नंतर सोफ्याखाली सापडला तरी हरकत नाही, नवी किल्ली करून देईन. माझा नंबर आत्ता कागदावर लिहून घ्या आणि एक कागद घरच्यांकडे ठेवा. बॅग गेली तर फोनही बहुधा तिच्यातच गेलेला असेल."

किल्ली म्हणजे नक्की काय?

व्हीपीएन म्हणजे घरच्या किंवा हॉटेलच्या इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत जाणारी खाजगी, कूटबद्ध वाट. या वाटेच्या तोंडाशी सर्व्हर प्रत्येकाची ओळख तपासतो. ओपनव्हीपीएन ही बरीच वापरली जाणारी प्रणाली घेऊ. तिच्यात सहसा प्रत्येक लॅपटॉपला एक प्रमाणपत्र आणि त्याच्या जोडीची एक गुप्त किल्ली दिलेली असते. दोन्ही मिळून `.ovpn` अशा शेपटीची एक छोटी फाइल होते. नोटपॅडमध्ये उघडली तर आत अक्षरं-आकड्यांच्या काही ओळी दिसतात, एवढंच. कुणी ती पेन ड्राइव्हवर उतरवून दुसऱ्या संगणकावर टाकली, तर ती तिथेही चालते. किल्लीला वेगळा पासवर्ड लावता येतो, पण रोज टाकायचा कंटाळा म्हणून पुष्कळ ठिकाणी तो लावलेलाच नसतो.

लॅपटॉप हरवल्यावर बरेच जण आधी ईमेलचा पासवर्ड बदलतात. तो बदलायलाच हवा, पण या किल्लीवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. सर्व्हर फक्त प्रमाणपत्र खरं आहे का आणि त्याची मुदत संपली आहे का, एवढंच पाहत असेल तर पासवर्ड बदलल्याचं त्याला कळायचं कारणच नाही. ही प्रमाणपत्रं बनवायला ईझी-आरएसए हे साधन सर्रास वापरलं जातं. त्याच्या सध्याच्या आवृत्त्यांमध्ये प्रमाणपत्राची मूळ मुदत 825 दिवसांची, म्हणजे सव्वादोन वर्षांची असते. कुणी काही केलं नाही, तर हरवलेली किल्ली तोवर चालत राहते.

झाकण लावलं म्हणजे बंद झाला नाही

"विंडोजला पासवर्ड आहे ना?" हा प्रश्न बैठकीत हमखास येतो. डिस्क कूटबद्ध केलेली नसेल, तर त्या पासवर्डचा इथे उपयोग नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की सगळ्या फाइल्स वाचता येतात, किल्लीची फाइलसुद्धा. विंडोजमधलं बिटलॉकर, मॅकवरचं फाइलव्हॉल्ट आणि लिनक्सवरचं लक्स संपूर्ण डिस्क कूटबद्ध करतात, म्हणून ऑफिसच्या प्रत्येक लॅपटॉपवर त्यातलं एक चालू असायलाच हवं.

पण त्याचा पूर्ण आधार लॅपटॉप बंद असतानाच मिळतो. नुसतं झाकण लावलं की लॅपटॉप बहुधा झोपतो, बंद होत नाही. डिस्क उलगडणारी गुप्त माहिती तेव्हा त्याच्या मेमरीतच असते. तिथून ती काढणं सोपं नाही, पण जाणकाराला अशक्यही नाही. एरवीचा धोका याहून साधा असतो. चहाच्या टपरीवर उघडा, लॉग-इन केलेला लॅपटॉप कुणी उचलून नेला, तर चोराला काही फोडावंच लागत नाही. म्हणून मी फोनवर बंद की नुसतं झाकण, हे विचारतो. पूर्ण बंद होता आणि डिस्क कूटबद्ध होती असं कळलं तरी किल्ली मी बाद करतोच. उत्तरावरून एवढंच ठरतं की पुढची तपासणी किती खोल करायची.

शुक्रवारची लोकल

आता एक प्रसंग कल्पून घड्याळ लावून पाहू. शुक्रवारी संध्याकाळी एक कर्मचारी सीएसएमटीहून कर्जत लोकलने निघाली. बॅग रॅकवर ठेवली, गर्दीत डोंबिवलीला 8.10 ला उतरली आणि बॅग गाडीतच राहिली. 8.20 ला रिक्षात बसताना तिच्या लक्षात आलं. बऱ्याच जणांचा विचार इथे असा चालतो: रेल्वेच्या 139 वर सांगू, कर्जतला चौकशी करू, सापडली तर ऑफिसला कळवायची गरजच नाही. शनिवार-रविवार शोधण्यात जातात आणि सोमवारी दहा वाजता ऑफिसला कळतं. म्हणजे साडेएकसष्ट तासांहून जास्त वेळ ती किल्ली चालू राहिली, तेही ऑफिसात कुणी नसताना.

तिने 8.25 ला मला फोन केला तर काय होतं? तिच्या लॅपटॉपच्या प्रमाणपत्राचं नाव `laptop27` आहे असं धरू. प्रमाणपत्रं ज्या संगणकावर बनतात तिथे मी दोन आज्ञा देतो:

```
./easyrsa revoke laptop27
./easyrsa gen-crl
```

पहिल्या आज्ञेने ते प्रमाणपत्र रद्द होतं. दुसरीने रद्द प्रमाणपत्रांची नवी यादी तयार होते, `crl.pem` नावाची. ही यादी व्हीपीएन सर्व्हरवर नेऊन ठेवावी लागते आणि सर्व्हरच्या मांडणीत `crl-verify crl.pem` ही ओळ असावी लागते. ती ओळ नसेल तर सर्व्हर यादीकडे पाहतही नाही आणि रद्द केलेली किल्ली खुशाल चालत राहते. म्हणून किल्ली बाद केली यावर मी कधी थांबत नाही. चाचणीसाठी बनवलेलं एखादं प्रमाणपत्र अधूनमधून रद्द करून, त्याला सर्व्हर खरंच नकार देतो का ते पाहतो.

आणखी एक बारकावा आहे. यादीमुळे नवी जोडणी अडते. पण कुणी आधीच आत असेल, तर सर्व्हर त्याची ओळख पुन्हा तपासेपर्यंत तो आतच राहतो. ओपनव्हीपीएनमध्ये ही फेरतपासणी मुळात तासाने होते. त्यामुळे चालू जोडणी हातानेच तोडावी लागते. हे सगळं उरकून 8.45 पर्यंत दार बंद होतं.

या सगळ्यात कुलूप बदलावं लागलं नाही, फक्त हरवलेली एक किल्ली यादीतून खोडली. पण हे तेव्हाच जमतं, जेव्हा प्रत्येक लॅपटॉपची किल्ली वेगळी असते. काही लहान ऑफिसांत सोय म्हणून एकच फाइल सगळ्यांना वाटलेली असते. तिथे एक लॅपटॉप हरवला की सगळ्यांच्या किल्ल्या बदलाव्या लागतात, आणि तो व्याप नको म्हणून कुणी काहीच करत नाही.

मग मी सर्व्हरच्या नोंदी उघडतो. तिथे प्रत्येक जोडणीची वेळ, प्रमाणपत्राचं नाव आणि जोडणी कुठल्या आयपी पत्त्यावरून आली ते लिहिलेलं असतं. 8.10 नंतर `laptop27` नावाची एकही नोंद नसेल तर सुटलो. 8.35 ची नोंद असेल, तर ती तिची नव्हे, कारण तेव्हा ती रिक्षात होती. "शेवटचा हातात कधी होता" हा प्रश्न यासाठी. सोमवारी तिला ती वेळ इतकी नेमकी आठवेलच असं नाही, आणि मग तिची नोंद कुठली, चोराची कुठली, हे वेगळं करणं अवघड होतं. कुणी आत शिरल्याचं दिसलं तर मामला ऑफिसच्या चार भिंतींत राहत नाही. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अनधिकृत शिरकावासारखी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते.

किल्ली बाद केल्याने सगळं सुरक्षित होत नाही, हेही सांगायला हवं. लॅपटॉपवर उतरवलेल्या फाइल्स तिथेच राहतात. दूरवरून त्या पुसायची सोय असली तरी लॅपटॉप इंटरनेटला जोडला गेला तरच ती चालते. म्हणून व्हीपीएनपाठोपाठ मेल आणि इतर सेवांमधली उघडी सत्रंही बंद करावी लागतात.

बातमी कुठे अडते

कर्मचारी सांगत नाहीत, असा सूर बऱ्याचदा लागतो. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या कल्याण खात्याचं प्रकरण वेगळंच सांगतं. 3 मे 2006 रोजी त्या खात्यातल्या एका विश्लेषकाच्या घरी चोरी झाली. लॅपटॉप आणि जोडीची हार्ड डिस्क गेली. तीत 2 कोटी 65 लाख माणसांची माहिती होती. त्याने वरिष्ठांना त्याच दिवशी सांगितलं. खात्याच्या मंत्र्यांपर्यंत बातमी पोचली 16 मे रोजी आणि लोकांना कळलं 22 मे रोजी. जूनअखेर सामान परत मिळालं आणि माहिती कुणी उघडली नसावी, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. तरी 2009 मध्ये खात्याने 2 कोटी डॉलर देऊन दावा मिटवला. बातमी मधल्या पायऱ्यांवर अडकली होती. साहेबांना नंतर सांगा, असं मी म्हणतो ते यासाठीच.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्या नेशनवाइड बिल्डिंग सोसायटीच्या कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप चोरीला गेला. त्यात ग्राहकांची गोपनीय माहिती आहे हे संस्थेला ठाऊकच नव्हतं, म्हणून चौकशी सुरू व्हायला तीन आठवडे लागले. 2007 मध्ये नियामकाने संस्थेला 9 लाख 80 हजार पौंडांचा दंड केला. म्हणून कुठल्या लॅपटॉपवर कुठली किल्ली आहे आणि कसलं काम चालतं, याची यादी मी आधीच करून ठेवतो. फोन करणाऱ्याला ते आठवत बसावं लागू नये.

चूक कुणाची हे विचारणार नाही, हे वाक्य साहेबलोकांना खटकतं. हलगर्जी चालवून घ्यायची का, असं ते म्हणतात. ज्या ऑफिसात पहिल्याने कळवलं म्हणून बोलणी खाल्ली, तिथे दुसरा सोमवारपर्यंत थांबतो. लॅपटॉपच्या भरपाईचा विचार महिनाभराने करता येतो, किल्लीचा नाही. म्हणून हे वाक्य मी साहेबांसमोरच बोलतो आणि त्यांनीही तिथेच मान्य करावं, असा आग्रह धरतो.

आणि लॅपटॉप सापडला तर? कर्जतच्या स्टेशनवर कुणी प्रामाणिकपणे बॅग जमा केली, तरी तो थेट चालू करून कामाला लागू नका. मधल्या वेळात किल्लीची नक्कल झाली का, हे लॅपटॉपकडे पाहून सांगता येत नाही. तो माझ्याकडे आणा. मी डिस्क पुसून सगळं नव्याने टाकतो आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र देतो. जुनं यादीत रद्दच राहतं, म्हणजे त्या नावाने पुढे कधीही कुणी दार ठोठावलं तर नोंदीत लगेच दिसतं.