सहरीचा टोस्ट आणि पाकिटाची मागची बाजू

सहरीला वेळ कमी असला की अनेक घरांत चहा-टोस्टवर भागतं. पाकिटावर गव्हाच्या ओंब्या आणि ‘आटा रस्क’ ही ठळक अक्षरं. खरी हकीकत मात्र मागे, बारीक टायपात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पहिलं नाव ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’, म्हणजे मैदा असेल, तर आटा किती, हे पुढच्या कंसातल्या टक्क्यांवरून पाहावं.

मग साखर. समजा, १०० ग्रॅममागे २५ ग्रॅम लिहिली आहे आणि एक टोस्ट १० ग्रॅमचा आहे. चार टोस्ट खाल्ले की १० ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखर पोटात गेली. चहातली वेगळीच!

ट्रान्स फॅटवर २०२२ पासून बंधन आहे: पदार्थातल्या तेल-तुपाच्या २ टक्क्यांपर्यंतच. म्हणून तिथे शून्य दिसलं तरी शेजारची ‘सॅच्युरेटेड फॅट’ची ओळ वाचावी, पामतेल तिथे दिसतं.

इफ्तारनंतरच्या सुट्या नानकटाईला आणि केकला लेबलच नसतं. तिथे बेकरीवाल्यालाच विचारावं, ‘भाई, वनस्पती तूप की लोणी?’