व्यवहारातील पत्रलेखन : थकलेल्या बिलाची पहिली आठवण

धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक क्षेत्रातील एखाद्या लहान मशीन-शॉपने कोल्हापूरच्या कारखान्यास सुटे भाग पुरवले, 3 जून 2025 रोजी 1,84,000 रुपयांचे आणि 18 टक्के जीएसटी धरून 2,17,120 रुपयांचे बिल केले, माल 5 जूनला पोहोचला आणि माल मिळाल्यापासून 30 दिवसांची उधारी ठरली होती, असे समजू. देयतारीख, म्हणजे रक्कम देण्याची शेवटची तारीख, येथे 5 जुलै ठरते. बिलाच्या तारखेपासून मोजल्यास ती 3 जुलै होईल, आणि या दोन दिवसांवरूनच पुष्कळदा वाद सुरू होतो.

9 जुलैपर्यंत रक्कम न आल्यास पहिले पत्र बहुधा असे जाते : ‘वारंवार सांगूनही आपण बिल भरलेले नाही. ताबडतोब रक्कम भरा, अन्यथा पुढील माल रोखला जाईल.’ पहिल्याच पत्रात ‘वारंवार’ हा शब्द खोटा ठरतो, आणि बिलाचा क्रमांक, रक्कम व तारीख यांपैकी काहीही नसल्याने ग्राहकाच्या हिशेब विभागाला हे पत्र कोणत्या बिलाचे, हेही कळत नाही. उलट, संकोचापोटी ‘सवडीने पाहावे’ असे लिहिले, तर मुदत संपल्याचेच लक्षात येत नाही. म्हणून सौम्य करायचा तो आरोप आणि धमकी. आकडे व तारखा जशाच्या तशा ठेवायच्या.

‘सप्रेम नमस्कार. बिल क्र. 47, दि. 3 जून, रक्कम रु. 2,17,120. माल आपणांस 5 जूनला मिळाला असून ठरलेल्या 30 दिवसांप्रमाणे देयतारीख 5 जुलै होती. रक्कम आमच्या खात्यात अद्याप जमा दिसत नाही. मालात वा बिलात काही अडचण असल्यास कृपया कळवावे; नसल्यास रक्कम कोणत्या तारखेस जमा होईल, ते शुक्रवार, 11 जुलैपर्यंत कळवावे. रक्कम आधीच पाठवली असल्यास यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेच्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, द्यावा.’

‘आपण भरली नाही’ याऐवजी ‘जमा दिसत नाही’ म्हटल्याने दोष कोणावरही येत नाही, आणि रक्कम खरोखर वाटेत असल्यास पत्र पाठवणाऱ्यालाही मागे घ्यावे लागेल असे काही उरत नाही. मात्र अधिक महत्त्वाची गोष्ट शुक्रवारच्या तारखेची आहे. ‘11 जुलैपर्यंत रक्कम द्यावी’ असे लिहिले असते, तर तीच नवी देयतारीख असल्याचा अर्थ ग्राहकाने काढला असता. येथे शुक्रवार हा केवळ उत्तराचा दिवस आहे आणि 5 जुलै आपल्या जागी कायम राहतो.

सूक्ष्म व लघु उद्योगांना 2006च्या एमएसएमई विकास कायद्याचे संरक्षण आहे : ठरलेली मुदत 45 दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागू होते. हा उल्लेख पहिल्या पत्रात नसावा, कारण मालाच्या पावतीची एखादी नोंद राहून गेल्यामुळेही बिल अडलेले असू शकते; शुक्रवारपर्यंत उत्तर न आल्यास फोन करून ते तपासावे, आणि दुसऱ्या पत्रात मात्र कायद्याचा आधार स्पष्टपणे घ्यावा.