टी-चाचणीच्या आकड्यावर पंधरा टक्के

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण किती दिवसांनी घरी जातो, हा आकडा कोणत्याही रुग्णालयाच्या नोंदवहीतून काढता येतो. बहुतेक जण आठवडाभरात घरी जातात, काहींना दहा-बारा दिवस लागतात आणि एखाद्याची जखम चिघळली की तो महिनाभर खाटेवरच असतो. या दिवसांचा आलेख काढला तर दोन्ही बाजूंना सारखी उतरणारी घंटा दिसत नाही. डावीकडे उंचवटा आणि उजवीकडे लांबत गेलेले शेपूट दिसते.

आता समजा, काळजी घेण्याची एक नवी पद्धत आली आहे आणि तिच्यामुळे मुक्काम कमी होतो का, हे जुन्या पद्धतीशी तुलना करून पाहायचे आहे. अशा अभ्यासाचा आराखडा मांडताना पहिला प्रश्न येतो तो रुग्णांच्या संख्येचा. प्रत्येक गटात किती जण घ्यायचे? पाठ्यपुस्तकातले सोपे सूत्र टी-चाचणीचे असते आणि ते घंटेच्या आकाराच्या, म्हणजे ‘नॉर्मल’ माहितीसाठी बसवलेले असते. इथे मात्र विश्लेषण विल्कॉक्सन-मान-व्हिटनी या क्रमांवर आधारलेल्या चाचणीने करायचे ठरले आहे. टी-चाचणीचा आकडा तिला कसा लागू करायचा?

या चाचणीचा जनक फ्रँक विल्कॉक्सन हा अमेरिकन सायनामिड कंपनीतला रसायनशास्त्रज्ञ. त्याने १९४५ साली मांडलेली युक्ती अगदी साधी होती. दोन्ही गटांतली मोजमापे एकत्र करून लहानापासून मोठ्यापर्यंत लावायची, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि एका गटाच्या क्रमांकांची बेरीज अपेक्षेपेक्षा फार वेगळी आहे का, ते पाहायचे. मान आणि व्हिटनी यांनी १९४७ साली हीच कल्पना पुढे नेली. चाळीस दिवस राहिलेला रुग्ण सरासरीला ओढून नेतो, पण क्रमवारीत तो केवळ शेवटचा असतो. तो चाळीस दिवस राहिला की चारशे, याने क्रमांक बदलत नाही.

मोजमाप टाकून नुसता क्रमांक ठेवला तर माहिती वाया जात असणार, अशी शंका साहजिक आहे. ती थोडी वाया जातेही. पण किती? माहिती खरोखर नॉर्मल असेल, तर मोठ्या नमुन्यांत क्रम-चाचणीची कार्यक्षमता टी-चाचणीच्या ३/π पट, म्हणजे सुमारे ०.९५५ भरते. टी-चाचणीला ९५ रुग्णांत जे दिसेल, त्यासाठी क्रम-चाचणीला साधारण १०० लागतील. शेपूट जड झाले की पारडे फिरते. मधोमध टोकदार आणि दोन्ही बाजूंना लांब शेपटे असलेल्या लाप्लास वितरणात क्रम-चाचणी दीडपट कार्यक्षम ठरते, तर एकाच बाजूला शेपूट असलेल्या घातांकी वितरणात तिप्पट.

मग सर्वांत वाईट स्थितीत काय? बर्कलेच्या हॉजेस आणि लेमन यांनी १९५६ साली याचे उत्तर सिद्ध केले. वितरण कोणतेही असो, दोन्ही गटांचा आकार सारखा असून एक गट नुसता बाजूला सरकलेला असेल, तर ही कार्यक्षमता ०.८६४ च्या खाली जात नाही. १ भागिले ०.८६४ म्हणजे सुमारे १.१६. व्यवहारातला नियम इथूनच आला : टी-चाचणीसाठी संख्या काढा आणि तिच्यात पंधरा टक्के मिळवा.

मुक्कामाचे उदाहरण घेऊन हिशेब करू. दोन दिवसांचा फरक महत्त्वाचा मानला आणि प्रमाण विचलन चार दिवस धरले, तर फरक विचलनाच्या निम्मा, म्हणजे ०.५ होतो. खरा फरक सापडण्याची शक्यता ८० टक्के आणि पातळी ५ टक्के ठेवली, तर १६ ला ०.५ च्या वर्गाने भागायचे. उत्तर येते ६४, प्रत्येक गटासाठी. त्यात पंधरा टक्के मिळवले की ७३.६, म्हणजे ७४.

दहा टक्के रुग्ण मध्येच सोडून जातील असे वाटत असेल, तर ती भर सर्वांत शेवटी घालायची आणि तीही भागून : ७४ भागिले ०.९, म्हणजे ८३. सरळ दहा टक्के मिळवले तर ८२ येतात, आणि त्यांतले दहा टक्के गेले की हाती ७४ उरत नाहीत. दोन गट मिळून १६६ रुग्ण झाले. G*Power या मोफत सॉफ्टवेअरमध्ये या चाचणीसाठी `min ARE` हा पर्याय असतो. तो हाच ०.८६४ चा आकडा वापरतो.

मात्र पंधरा टक्क्यांची ही खात्री मूळच्या ६४ वर उभी आहे, आणि ते ६४ आले प्रमाण विचलनातून. लांब शेपटाच्या माहितीत नेमके तेच डळमळीत असते. समजा, प्राथमिक पाहणीत नऊ रुग्णांचे मुक्काम ५, ६, ६, ७, ७, ८, ८, ९ आणि १० दिवसांचे निघाले. यांचे विचलन १.५८ येते आणि दोन दिवसांच्या फरकासाठी गटात १० रुग्ण पुरेसे वाटतात. दहावा रुग्ण ३० दिवस राहिला, तर विचलन ७.३२ वर उडी मारते आणि तेच सूत्र २१५ रुग्ण मागते. एका रुग्णामुळे दहाचे दोनशे पंधरा होत असतील, तर वर पंधरा टक्के घातले काय किंवा न घातले काय, फारसा फरक पडत नाही.

अशा वेळी विचलनाचा रस्ताच सोडता येतो. नोएथरने १९८७ साली दिलेले सूत्र वेगळाच प्रश्न विचारते : नव्या पद्धतीचा एक आणि जुन्या पद्धतीचा एक रुग्ण सहज निवडला, तर नव्याचा आधी घरी जाण्याची शक्यता किती? बरोबरी झाली तर अर्धी मोजायची. दोन गट सारखे असतील तर उत्तर ०.५. ही शक्यता p मानली, तर समान गटांसाठी एकूण संख्या अशी :

```
N = (1.96 + 0.84)² / (3 × (p − 0.5)²)
```

p ०.६४ धरला तर N १३४ येते, गटात ६७. नॉर्मल माहितीत अर्ध्या विचलनाचा फरक म्हणजे p जवळपास ०.६४ च असतो, आणि ६४ ला ०.९५५ ने भागले तरी ६७ च येतात. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात. शिवाय शल्यविशारदाला विचलनाचा अंदाज विचारण्यापेक्षा ‘शंभरातल्या किती जोड्यांत नवी पद्धत सरस ठरली तर ती स्वीकाराल?’ हे विचारणे सोपे जाते.

हा नियम लागू नसतो अशाही जागा आहेत. ०.८६४ ची हमी मोठ्या नमुन्यांची आहे. तीन विरुद्ध तीन अशा तुलनेत क्रमांक वाटण्याचे २० च मार्ग असतात. निकाल कितीही टोकाचा आला तरी दुहेरी पी-मूल्य ०.१ च्या खाली उतरत नाही. वेदना ० ते १० च्या पट्टीवर मोजल्या आणि निम्म्या रुग्णांनी शून्य सांगितले, तर बरोबरीमुळे चाचणीची ताकद घटते. एका गटाचा पसारा दुसऱ्यापेक्षा बराच मोठा असेल, तर ‘नुसते सरकणे’ हे गृहीतकच मोडते. मग दोन्ही गटांचा मध्यक एकच असूनही चाचणी फरक दाखवू शकते. अशा ठिकाणी अपेक्षित वितरणातून संगणकावर हजारो काल्पनिक अभ्यास घडवून त्यांपैकी कितींत फरक पकडला जातो, हे मोजणे हाच भरवशाचा मार्ग.

प्रबंधाच्या आराखड्यात म्हणूनच ‘टी-चाचणीची संख्या अधिक १५ टक्के’ एवढेच लिहून थांबू नये. विचलन कुठून घेतले, पाहणीत किती रुग्ण होते आणि त्यांत लांब शेपूट किती जणांचे, हे त्याच परिच्छेदात लिहावे. आकडा टिकणार की नाही, हे परीक्षकाला तिथेच कळते.