उत्तर येत नसेल, तर विचारणे थांबवा

१२ एप्रिल २०२५ रोजी देशभरात यूपीआयचे व्यवहार कित्येक तास अडखळत होते. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने नंतर कारणांचा शोध घेतला, तेव्हा बोट एका साध्या प्रश्नाकडे गेले. ‘अमुक व्यवहाराचे पुढे काय झाले?’ असे विचारणाऱ्या विनंत्या काही बँकांच्या यंत्रणांकडून भरमसाट येत होत्या. जुन्या व्यवहारांचीही पुन्हा पुन्हा विचारणा चालली होती. त्यानंतर एनपीसीआयने या प्रश्नावर मर्यादा घातली: एका व्यवहाराची स्थिती तीनदाच विचारायची आणि दोन विचारण्यांमध्ये ९० सेकंदांचे अंतर ठेवायचे.

असे प्रश्न माणूस विचारत नसतो. वेळापत्रकावर चालणारा एक छोटा प्रोग्राम ते विचारतो. दर पाच मिनिटांनी उठायचे, अडकलेल्या व्यवहारांची यादी काढायची, एकेकाची चौकशी करायची आणि संपवायचे, एवढेच त्याचे काम. संगणकाच्या जगात याला ‘जॉब’ म्हणतात. मागच्या वेळी काय घडले हे अशा जॉबला मुळात माहीत नसते. लिनक्स सर्व्हरवर क्रॉन नावाची व्यवस्था त्याला ठरल्या वेळी जागे करते आणि दर वेळी तो कोऱ्या पाटीने सुरुवात करतो. समोरची सेवा तासभर बंद असली, तरी तो दर पाच मिनिटांनी त्याच उत्साहाने दार ठोठावत राहतो.

याचे परिणाम किती लवकर हाताबाहेर जातात, ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. एका नगरपालिकेचे पाणीपट्टी भरण्याचे पोर्टल आहे. काही नागरिकांचे पैसे खात्यातून जातात, पण बँकेकडून पक्के उत्तर येत नाही आणि पावती अडकते. एक जॉब दर पाच मिनिटांनी अशा पावत्यांबद्दल बँकेच्या सर्व्हरला विचारतो. एरवी बँक अर्ध्या सेकंदात उत्तर देते. आज सकाळी दहाला मात्र बँकेची चौकशी सेवा गप्प झाली आहे आणि यादीत २०० पावत्या साठल्या आहेत. प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरासाठी ३० सेकंद वाट पाहायची, असे प्रोग्राममध्ये लिहिलेले आहे.

२०० पावत्या, प्रत्येकी ३० सेकंद, म्हणजे ६,००० सेकंद. एरवी दीड-दोन मिनिटांत संपणारी फेरी आता १०० मिनिटे चालणार. पण क्रॉन थांबत नाही. १०:०५ ला जॉबची दुसरी प्रत सुरू होते, १०:१० ला तिसरी. ११:२० पर्यंत सोळा प्रती एकाच वेळी त्याच २०० पावत्यांबद्दल विचारत असतात. प्रत्येकीने पोर्टलच्या डेटाबेसची एक जोडणी अडवून ठेवलेली असते. मग नव्याने पैसे भरायला आलेल्या नागरिकाचेही पान उघडेनासे होते. बिघाड बँकेत झाला आणि बंद पोर्टल पडले. इकडे बँकेच्या आजारी सर्व्हरवर ऐंशी मिनिटांत सुमारे १,३६० निष्फळ प्रश्न आदळले. प्रत्येक प्रश्न आणखी तीनदा करून पाहायची सोय प्रोग्राममध्ये असती, तर पहिली फेरीच सात तासांच्या घरात गेली असती.

एका वेळी एकच प्रत चालावी म्हणून कुलूप लावता येते. त्यासाठी लिनक्सवर `flock` ही आज्ञा आहे आणि ती वापरावीच. पण त्याने प्रतींची गर्दी टळते, हट्ट सुटत नाही. एकटी प्रतही ऐंशी मिनिटांत १६० वेळा विचारते आणि दर वेळी अर्धा मिनिट वाया घालवते.

यावरचा उपाय म्हणजे सर्किट ब्रेकर. मायकल नायगार्ड यांनी २००७ साली ‘रिलीज इट!’ या पुस्तकात ही रीत सॉफ्टवेअरसाठी सविस्तर मांडली. घरातल्या एमसीबीचेच तत्त्व इथे आहे: तारेतून प्रमाणाबाहेर वीज वाहू लागली की एमसीबी पडतो आणि घर वाचते. फरक एवढाच की एमसीबी आपल्याला हाताने वर करावा लागतो, तर सॉफ्टवेअरचा ब्रेकर ठरावीक वेळाने स्वतः चाचपून पाहतो. म्हणून त्याच्या तीन अवस्था असतात. `closed` म्हणजे सर्व सुरळीत, प्रश्न जात आहेत. `open` म्हणजे ब्रेकर पडला आहे, प्रश्न पाठवायचे नाहीत. `half-open` म्हणजे चाचणीपुरता एकच प्रश्न पाठवून पाहायचा.

नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये हिस्ट्रिक्स ही लायब्ररी सर्वांसाठी खुली केली आणि ही रीत घरोघरच्या प्रोग्रामरांपर्यंत पोचली. तिचे मूळ हिशेब मात्र अखंड चालणाऱ्या सर्व्हरसाठी होते: दहा सेकंदांत किमान २० विनंत्या आल्या आणि त्यांतल्या निम्म्या फसल्या तर ब्रेकर पाडायचा आणि पाच सेकंदांनी चाचणी घ्यायची. शिवाय ही सगळी नोंद चालू प्रोग्रामच्या स्मृतीत राहते. आपला जॉब फेरी संपली की मरतो आणि त्याच्याबरोबर ती स्मृतीही जाते. १०:०० च्या फेरीत पडलेला ब्रेकर १०:०५ च्या फेरीला ठाऊकच नसतो. म्हणून वेळापत्रकावरच्या जॉबसाठी ब्रेकरची नोंद जॉबच्या बाहेर ठेवावी लागते. डेटाबेसमधली एक ओळ पुरते:

```
job           state  failures  open_until
check_status  open   5         10:14:50
```

आता तीच सकाळ या ओळीसह पुन्हा पाहू. वाट पाहण्याची मुदत ३० वरून १० सेकंदांवर आणली आहे. अर्ध्या सेकंदात उत्तर देणारी बँक दहा सेकंद गप्प असेल, तर पुढचे वीस सेकंद थांबून फारसे काही मिळत नाही. लागोपाठ पाच प्रश्नांना उत्तर आले नाही की ब्रेकर पाडायचा, असा नियम आहे. दहाची फेरी पाच प्रश्नांत, म्हणजे ५० सेकंदांत थांबते आणि चौदा मिनिटांची विश्रांती लिहून ठेवते. १०:०५ आणि १०:१० च्या फेऱ्या ओळ वाचतात आणि बँकेला न छेडता परत जातात. १०:१५ ला मुदत संपलेली असते, म्हणून एकच प्रश्न जातो. तोही फसला की पुन्हा चौदा मिनिटे.

चौदाच का, पंधरा का नाहीत? ब्रेकर १०:००:५० ला पडला. पंधरा मिनिटे धरली तर मुदत १०:१५:५० ला संपते, १०:१५ ची फेरी हुकते आणि चाचणी थेट १०:२० ला होते. विश्रांती फेऱ्यांच्या वेळेपेक्षा किंचित कमी ठेवली की हा घोळ होत नाही.

११:२० ला बँकेची सेवा सुरू होते. तोपर्यंत पाच सुरुवातीचे आणि पाच चाचणीचे, असे दहाच प्रश्न तिच्याकडे गेलेले असतात. पोर्टल व्यवस्थित चालू असते. बँक सुरू झाल्याचे जॉबला मात्र ११:३० च्या चाचणीत कळते. ही दहा मिनिटे म्हणजे ब्रेकरची किंमत. विश्रांती लांबवली तर ही किंमत वाढते, आखडली तर बँकेवरचा मारा वाढतो.

यातला सर्वांत नाजूक निर्णय म्हणजे अपयश कशाला म्हणायचे. बँकेने उत्तरच दिले नाही, किंवा सर्व्हरच्या बिघाडाचा `503` हा संकेत पाठवला, तर दोष सेवेचा आहे, तो मोजायचा. बँकेने `404`, म्हणजे ‘असा व्यवहार सापडत नाही’, असे कळवले, तर सेवा ठणठणीत आहे आणि दोष त्या एका पावतीचा आहे. तो मोजला, तर पाच चुकीच्या पावत्या लागोपाठ आल्या की धडधाकट बँकेसाठीही ब्रेकर पडेल आणि बाकीच्या १९५ जणांचे काम विनाकारण अडेल. `401`, म्हणजे ओळख नाकारली, हा प्रकार वेगळा. पासवर्ड बदलला असेल तर दर पंधरा मिनिटांनी चाचणी घेऊन तो सुधारणार नाही. तिथे ब्रेकर पाडून थेट माणसाला बोलवावे.

चाचणीसाठी पावती निवडतानाही असाच धोका असतो. दर वेळी यादीतली पहिलीच पावती घेतली आणि नेमक्या तिच्यावरच बँकेचा प्रोग्राम कोलमडत असेल, तर बाकी सगळे सुरळीत असूनही ब्रेकर कधीच उठणार नाही. म्हणून प्रत्येक चाचणीला वेगळी पावती घ्यावी. चाचणी यशस्वी झाली तरी साठलेल्या दोनशे पावत्या एका दमात सोडू नयेत. नुकत्याच सावरलेल्या सर्व्हरला पहिल्या फेरीत वीस, मग पन्नास, मग उरलेल्या, असे वाढवत न्यावे.

ब्रेकरच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. स्थिती विचारणारा जॉब कितीदाही विचारो, पैसे हलत नाहीत. परताव्याचे पैसे पाठवणाऱ्या जॉबचे तसे नाही. दहा सेकंदांत उत्तर आले नाही, याचा अर्थ पैसे गेले नाहीत असा होत नाही. पैसे जाऊन फक्त उत्तर वाटेत हरवलेले असू शकते. तिथे प्रत्येक परताव्याला एकच कायम संदर्भ क्रमांक द्यावा लागतो आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर बँकेने पैसे पुन्हा पाठवू नयेत, अशी व्यवस्था लागते. हे काम ब्रेकर करू शकत नाही.

दुसरी मर्यादा अधिक फसवी आहे. ब्रेकर पडलेला असताना जॉब दर पाच मिनिटांनी वेळेवर उठतो, ओळ वाचतो आणि बिनतक्रार संपतो. देखरेखीच्या पडद्यावर सगळ्या फेऱ्या हिरव्या दिसतात. बँक सुरू होऊनही एखाद्या चुकीमुळे ब्रेकर तसाच राहिला, तर पावत्या आठवडाभर अडकून पडतील आणि कोणाला पत्ता लागणार नाही. म्हणून जॉब चालला की नाही एवढ्यावर नजर ठेवून भागत नाही. सर्वांत जुनी अडकलेली पावती किती वेळापासून अडकली आहे, ते मोजावे. एरवी हा आकडा दहा मिनिटांच्या आत असेल आणि तो तासाच्या पुढे गेला, तर जबाबदार माणसाच्या फोनवर संदेश जावा. ब्रेकर पडणे आणि उठणे या दोन्ही घटनांचाही एकेक संदेश जावा. दर फेरीला नको, नाहीतर लोक ते वाचणे सोडून देतात.

डेटाबेसमधली ती एक ओळ नागरिकाच्याही उपयोगी पडू शकते. पोर्टलच्या पानाने तीच ओळ वाचली, तर पैसे भरून पावतीची वाट पाहणाऱ्याला तिथेच सांगता येते: ‘बँकेकडून सध्या माहिती मिळत नाही. पैसे कापले गेले असतील तर पुन्हा भरू नका.’ नुसते गोल फिरणारे चक्र पाहून माणूस घाबरतो, पाणीपट्टी दुसऱ्यांदा भरतो आणि मग परताव्यासाठी खेटे घालतो. ते टाळण्यासाठी लागणारी माहिती १०:००:५० पासून नोंदवलेली असते. ती फक्त त्याच्यापर्यंत पोचवायची असते.