वितरक मेलमध्ये काय शोधतो?

समजा, जयसिंगपूरचा एक छोटा भडंगवाला नाशिक भागात माल उतरवायला निघाला आहे. वितरक हवेत म्हणून तो तिकडच्या होलसेलरांना आणि दुकानदारांना मेल लिहितो. पहिले तीन परिच्छेद आजीच्या कृतीचे आणि अस्सल चवीचे. शेवटी एक ओळ : ‘आकर्षक मार्जिन, 20 टक्के.’ वितरक चवीचं सगळं गाळून थेट या ओळीवर येतो आणि इथेच अडतो. 20 टक्के कशावर?

पाकिटाची एमआरपी 50 रुपये. 20 टक्के एमआरपीवर धरले तर दुकानदाराला ते 40 रुपयांना पडतं आणि सुटतात 10. खरेदीवर धरले तर तेच पाकीट 41 रुपये 67 पैशांना पडतं आणि सुटतात सव्वाआठच्या आसपास. बाजारात दोन्ही पद्धती चालतात, त्यामुळे टक्का लिहून काहीच ठरत नाही. सरळ रुपयांत लिहावं : एमआरपी 50, दुकानदाराला 40, वितरकाला 36, सगळे भाव जीएसटीसह.

आता वितरकाचा हिशोब. 30 पाकिटांचा बॉक्स 1,080 रुपयांना पडतो. पहिली ऑर्डर 50 बॉक्सची म्हटली तर 54,000 रुपये आधी गुंतवायचे आणि सगळा माल विकला की हातात येतात 6,000. त्यातून थोडा जीएसटी जातो, मग टेम्पोचं भाडं, सेल्समनचा पगार. वर दुकानदाराला पंधरा दिवसांची उधारी. म्हणून छोट्या ब्रँडने पहिली ऑर्डर 10 बॉक्सची ठेवली, तर फोन येण्याची शक्यता वाढते.

खरी मेख परतीच्या मालात आहे. भडंग सादळतं, पाकिटाची मुदत संपते आणि दुकानदार ते वितरकाच्या गळ्यात मारतो. एका पाकिटामागे वितरकाला मिळतात 4 रुपये. म्हणजे 36 रुपयांचं एक पाकीट अंगावर पडलं की नऊ पाकिटांची कमाई गेली! मुदत संपलेला माल कोण सोसणार, बदलून मिळणार की क्रेडिट नोट, हे मेलमध्ये नसेल तर जुना वितरक पुढे वाचत नाही. माल पोचेल तेव्हा किती मुदत शिल्लक असेल, तेही लिहावं. तीन महिन्यांच्या मालातला दीड महिना गोदामातच गेला असेल, तर विकायला उरतं काय?

एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक आणि लेबलचा फोटो जोडला की कागदपत्रांचं भागतं.

एक घोळ मात्र फार दिसतो. एकच मेल होलसेलर आणि दुकानदार दोघांनाही जातो. दुकानदाराला 36 चा भाव दिसला की तो 40 ला कशाला घेईल? तो थेट कारखान्याला फोन लावतो, आणि ज्याच्या भरवशावर तालुका सोपवायचा तो वितरक पहिल्याच आठवड्यात बिनसतो. दुकानदाराच्या मेलमध्ये फक्त त्याचा भाव आणि माल कोणाकडे मिळेल ते, इतकंच असावं.