वर्गात अचानक ताठरता आली तर...

वयात येताना मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढते. मग मनात लैंगिक विचार नसतानाही, बसचे हादरे, कपड्यांचा स्पर्श किंवा नुसत्या ताणामुळे लिंगात रक्त भरून ताठरता येऊ शकते. ही मज्जासंस्थेची आपोआप होणारी क्रिया आहे. तिच्यावर इच्छेचा ताबा नसतो.

काय करावे? बसून राहावे, मांडीवर दप्तर ठेवावे आणि लक्ष समोरच्या गणिताकडे वळवावे. बहुधा काही मिनिटांत ताठरता ओसरते. तेवढ्यात फळ्यापाशी बोलावलेच, तर ‘सर, एवढं लिहून येतो’ म्हणत वेळ काढावा.

डॉक्टर कधी? ताठरता ४ तासांहून अधिक टिकली, तर लगेच रुग्णालय गाठावे. सिकलसेल असलेल्या मुलांत अशा लांबलेल्या ताठरतेचा धोका जास्त असतो.