वर्धापनदिनाचं आवतन नाव घेऊन द्या

ताईंनो, गटाच्या उद्योगाला वर्ष झालं की ग्राहकांना बोलवायचं ठरतं. मग लेटरहेड निघतं आणि "सर्व सन्माननीय ग्राहकांना कळविण्यात येते की..." असा मजकूर व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना एकदम जातो. वाचणारीला वाटतं, हे सगळ्यांनाच आहे, मला कुठे बोलावलंय? लग्नाची पत्रिका छापली तरी जवळच्यांकडे आपण अक्षता घेऊन जातोच ना?

समजा, पाचोऱ्याजवळचा एखादा बिबडे-पापडाचा गट आहे. आधी ऑर्डरची वही काढा. वर्षभरात दोनदा तरी माल नेणाऱ्यांची नावं उतरवा. समजा चाळीस निघाली आणि गटात दहा जणी आहेत, तर एकीला चारच चिठ्ठ्या येतात. ज्या ताईची त्या ग्राहकाशी ओळख, तिनेच लिहायचं. आपण ज्या नात्याने हाक मारतो, तीच चिठ्ठीत यावी. मावशीला "महोदया" लिहू नका.

चिठ्ठी एवढीच पुरते:

"मावशी, मागच्या उन्हाळ्यात तुम्ही लेकीकडे पाठवायला दोन किलो बिबडे नेले आणि तिखट कमी करा म्हणालात. तेव्हापासून आम्ही कमी तिखटाचा घाणा वेगळा काढतो. आमच्या कामाला रविवारी एक वर्ष होतंय. दुपारी चार वाजता समाजमंदिरात या. तळलेले बिबडे आणि ताक आहे. लेक आली असेल तर तिलाही आणा. तुमची, गटातली सगळी."

यात खरं काम त्या दोन किलोचं आणि तिखटाचं आहे. ती गोष्ट वहीतली, खरी हवी. आठवत नसेल तर गोड वाक्य रचू नका, "तुम्ही सुरुवातीपासून घेता" एवढंही चालतं, पण तेही खरं असेल तरच. चिठ्ठीत उधारीची आठवण अजिबात नको, नव्या मालाचा भावही नको. आवतन देऊन वसुली केली असं होतं. आणि कोणाच्या घरी नुकतंच दुःख झालं असेल, तर चिठ्ठी न देता आधी भेटून या.

आठ दिवस आधी हातोहात द्या. पापडाच्या घाईत किंवा बाजाराच्या दिवशी कार्यक्रम ठेवू नका. बाहेरगावच्यांना व्हॉट्सअॅप चालेल, पण एकेकीला वेगळा, नाव घालून. ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, हेही लक्षात ठेवा. दुकानदारांना मात्र वेळ ठळक लिहा, ते दुकान बंद करून येणार.

उत्तरावरून कळतंच. नुसते हात जोडलेले चित्र आलं तर आदल्या दिवशी फोन करा. "सुनेला आणू का?" असं विचारलं, तर ती येणार.

जी आली नाही तिच्या घरी दुसऱ्या दिवशी चार बिबडे पाठवा, आणि पोचवणारीने एवढंच म्हणावं, "काल वाट पाहिली हो मावशी."